वरचं दूध आणि सत्व सुरू झाल्यावर बाळाची शी कडक का होते, आणि डॉक्टरकडे कधी न्यायचं

प्रश्न: माझा मुलगा साडेसहा महिन्यांचा आहे, वजन 7.2 किलो. आम्ही फोंड्याला राहतो. मी कामावर रुजू झाल्यापासून दिवसा डब्याचं दूध आणि रात्री अंगावरचं, असं चाललंय. सहावा महिना पूर्ण झाल्यावर नाचणीचं सत्व, केळं आणि उकडलेलं सफरचंद सुरू केलं. तेव्हापासून चार-पाच दिवसांनी एकदा शी होते, तीही खड्यासारखी. लाल होईपर्यंत कुंथतो, रडतो. काल शीवर रक्ताची बारीक रेघ दिसली. पोट भरावं म्हणून 120 मिली पाण्यात पाच चमचे पावडर घालते. आधी दिवसाला पाच बाटल्या घ्यायचा, आता तीनच घेतो, पण सत्व दोन वेळा वाटीभर खातो. सासूबाई म्हणतात, विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावला की लगेच होईल. लावू का? आणि डॉक्टरकडे कधी न्यायचं?

उत्तर:

देठ लावू नका. रक्त दिसलंय, म्हणून एक-दोन दिवसांत बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाळ खेळतंय, दूध पितंय, पोट मऊ आहे आणि उलट्या नाहीत, तर रात्री धावपळ करायची गरज नाही. कोणत्या लक्षणांवर मात्र त्याच क्षणी निघायचं ते पुढे सांगते. त्याआधी हे कशामुळे झालं ते पाहू, कारण तुमच्याच मजकुरात तीन कारणं दिसतात आणि तिन्ही घरी सुधारता येण्यासारखी आहेत.

पहिलं कारण बाटलीत आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक डब्यांवर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं. त्या हिशेबाने 120 मिलीला चार चमचे लागतात. तुम्ही पाच घालता, म्हणजे दूध सव्वापट घट्ट होतं. जास्त पावडरीने पोट जास्त भरत नाही. उलट पाण्याच्या मानाने प्रथिनं आणि क्षार वाढतात, ते लघवीतून बाहेर टाकायला मूत्रपिंडांना अधिक पाणी लागतं आणि आतड्यात पाणी कमी उरतं. शी कडक होण्याचं ते एक कारण. उकाड्याच्या दिवसांत, बाळ घामाघूम होतं तेव्हा, फार घट्ट दूध देणं धोक्याचंही ठरतं, कारण रक्तातलं सोडियम वाढू शकतं.

माप बरोबर असूनही दूध घट्ट होण्याची आणखी एक वाट आहे. काही घरांत आधी बाटलीत पावडर टाकतात आणि मग 120 च्या रेघेपर्यंत पाणी भरतात. पावडरही जागा व्यापते, त्यामुळे पाणी जेमतेम 105 मिली पडतं. म्हणून क्रम उलटा हवा: आधी 120 मिली पाणी मोजून घ्यायचं, मग पावडर. पाणी उकळून घ्या आणि अर्ध्या तासाच्या आत, ते अजून चांगलं गरम असतानाच पावडर मिसळा. मग बाटली नळाखाली धरून कोमट करा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा. चमचा पावडरीत दाबून भरू नका. डब्याच्या कडेला घासून किंवा सुरीच्या पाठीने वरचा भाग सपाट करा.

गोव्यात आणखी एक गोष्ट होते. घरातलं कोणीतरी आखातात किंवा युरोपात असतं, सुट्टीत येताना डबे आणतं. काही परदेशी डब्यांतला चमचा 60 मिली पाण्याचा असतो, म्हणजे इथल्या चमच्याच्या दुप्पट. एक डबा संपला की त्याचा चमचा दुसऱ्या डब्यात टाकायची सवय असते. मग 60 चा चमचा 30 च्या हिशेबाने वापरला जातो आणि बाळाला दुप्पट घट्ट दूध मिळतं. उलट झालं तर पातळ दूध मिळून वजन वाढत नाही. चमचा त्याच डब्याचा हवा. जुना डबा फेकताना त्याचा चमचाही फेका.

माप बरोबर केल्यावरही डब्याच्या दुधाची शी अंगावरच्या दुधापेक्षा थोडी घट्टच असते. आईच्या दुधातल्या स्निग्ध घटकांची मांडणी वेगळी असते. पावडरच्या दुधातला काही भाग आतड्यात कॅल्शियमला चिकटून साबणासारखे घट्ट कण बनवतो, आणि शी मातकट आणि जड होते. मऊ पेस्टसारखी, दोन दिवसांनी होणारी शी हा आजार नाही. तुमच्या बाळाची शी खड्यासारखी आहे, रडतं आणि रक्त आहे, म्हणून इथे लक्ष द्यायला हवं. दोन वेळांमध्ये किती दिवस गेले यापेक्षा शी कशी होते हे महत्त्वाचं. फक्त अंगावरचं दूध पिणारी काही बाळं एक महिन्यानंतर सात-आठ दिवसही शी करत नाहीत आणि मग पिवळी, मऊ होते. त्याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत.

अजून एक घोळ होतो तो कुंथण्यावरून. काही तान्ही बाळं दहा मिनिटं, कधी अधिक, लाल होऊन रडतात आणि मग मऊ शी होते. पोटातून जोर लावणं आणि त्याच वेळी खालचा स्नायू सैल सोडणं या दोन गोष्टींची सांगड त्यांना अजून जमत नसते. काही आठवड्यांत जमते, उपचार लागत नाही. अशा बाळाला दर वेळी काठी-देठ लावला तर त्याला ती सांगड शिकायलाच उशीर होतो. तुमचं बाळ त्या गटातलं नाही. शी खडा असेल तर ते कुंथणं खरं बद्धकोष्ठाचंच.

दुसरं कारण वाटीत आहे, आणि मला वाटतं तुमच्या बाबतीत तेच मुख्य आहे. नाचणीचं सत्व कसं काढतात ते आठवा. नाचणी रात्रभर भिजवायची, बारीक वाटायची, मलमलच्या कपड्यातून गाळायची, पाणी स्थिर झालं की वरचं ओतून द्यायचं आणि खाली बसलेला पांढरा साका वाळवायचा. कपड्यात जो चोथा राहतो तो कोंबड्यांना जातो, आणि त्या चोथ्यातच नाचणीचा बहुतेक कोंडा आणि तंतू असतो. साका म्हणजे जवळजवळ नुसतं पिठूळ स्टार्च. पचायला हलकं, बाळाला आवडतं, पण शी पुढे ढकलणारं त्यात काहीच उरत नाही. म्हणून नाचणीने कडक झालं असं म्हणणं नाचणीवर अन्याय आहे. गाळून टाकल्यामुळे कडक झालं.

त्यावर केळं आणि उकडलेलं सफरचंद. अर्धवट पिकलेल्या केळ्यात न पचणारा स्टार्च आणि तुरट घटक असतात, त्याने शी बांधली जाते. पूर्ण पिकून सालीवर काळे ठिपके आले की हा परिणाम बराच कमी होतो, तरी तुमच्या बाळाला सध्या केळं नको. सफरचंद शिजवून, साल काढून, गाळून दिलं की त्यातलं पेक्टिन घट्टपणा देतं. जुलाबात डॉक्टर हेच केळं आणि सफरचंद सुचवतात, ते याच गुणामुळे. एकेकटं दिलं तर फार बिघडत नाही, पण गाळलेलं सत्व, केळं आणि उकडलेलं सफरचंद हे तिन्ही रोज एकत्र आले की शी होणार कशी?

तिसरं कारण या दोहोंतून येतं. वाटीभर घट्ट सत्व दोनदा खाल्लं की बाळाची भूक मरते, म्हणून बाटल्या पाचच्या तीन झाल्या. पाचवरून तीनवर म्हणजे दिवसाला 240 मिली दूध कमी. त्यातलं पाणीही तेवढंच कमी. आणि बाळाला पाणी प्यायला दिलेलं नसेल, कारण सहा महिन्यांपर्यंत पाणी देऊ नका असं आपणच सांगत असतो. दूध हेच अजून मुख्य अन्न आहे. सहाव्या-सातव्या महिन्यात वरचं खाणं दिवसातून दोनदा-तीनदा, दोन-तीन मोठे चमचे एवढ्यापासून सुरू करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत नेतात. आधी दूध, तासाभराने खाणं, असा क्रम ठेवलात तर बाटल्या आपोआप परत येतील.

आता काय करायचं ते क्रमाने.

आजपासून 120 मिलीला चार सपाट चमचे. बाळाला भूक लागल्यासारखं वाटलं तर बाटली अधिक वेळा द्या, पावडर अधिक घालू नका. ब्रँड बदलण्याच्या फंदात लगेच पडू नका. चमच्याचं गणित चुकलेलं असताना डबा बदलून काही फरक पडत नाही, आणि दोन-चार दिवसांनी डबे बदलत राहिलं की कशाचा काय परिणाम झाला ते कळेनासं होतं. रात्रीचं अंगावरचं दूध मात्र चालूच ठेवा, या सगळ्यात सर्वात मऊ गोष्ट तीच आहे.

सत्व, केळं आणि सफरचंद निदान दोन-तीन आठवडे बंद. त्याऐवजी मोड आलेली नाचणी भाजून दळून आणा आणि बारीक चाळणीतून एकदाच चाळा, कपड्यातून गाळू नका. एक मोठा चमचा पीठ सुमारे 150 मिली पाण्यात सतत ढवळत चांगलं शिजवा. चमचा तिरका केला की पेज हळूहळू घसरली पाहिजे. गोळा चिकटून राहिला तर फार घट्ट, पाण्यासारखी वाहिली तर फार पातळ. पातळ केली की पोट भरतं पण वजन वाढत नाही. वर अर्धा छोटा चमचा साजूक तूप नाहीतर खोबरेल तेल घाला. दुसऱ्या वेळी उकड्या तांदळाची पेज सालासकट मूगडाळ घालून शिजवा, त्यात दुधी किंवा लाल भोपळा आणि थोडी तांबडी भाजी बारीक करून मिसळा. वाटून घ्या, गाळू नका. पहिल्यांदा देताना एका वेळी एकच नवा पदार्थ, आणि दोन-तीन दिवस थांबून पुढचा, हा नियम इथेही पाळा.

फळं मुख्य औषधाचं काम करतात. पिकलेली पपई कुस्करून दोन मोठे चमचे सकाळी, पिकलेला चिकू किंवा नासपती दुपारी. सर्वात उपयोगी म्हणजे सुकं आलुबुखार, म्हणजे प्रून. त्यात सॉर्बिटॉल नावाची साखर असते. ती आतड्यात पूर्ण शोषली जात नाही आणि पाणी आपल्यासोबत धरून ठेवते. बिया काढलेली दोन प्रून पावकप कोमट, उकळून गार केलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पाण्यासकट कुस्करा आणि चाळणीतून दाबून घ्या. त्यातले दोन छोटे चमचे सकाळी, दोन संध्याकाळी. दोन दिवसांत फरक दिसला नाही तर तीन-तीन करा. शी पातळ व्हायला लागली तर कमी करा. प्रून मिळालं नाही तर आठ-दहा काळ्या मनुका तशाच भिजवून, कुस्करून, गाळून. अख्खी मनुका कधीही देऊ नका, श्वासनलिकेत अडकते.

पाणी उकळून गार केलेलं, प्रत्येक खाण्यासोबत दोन-तीन छोटे घोट. दिवसभरात मिळून 60 ते 100 मिली पुरतं. त्याहून जास्त पाजलंत तर दूध कमी होईल. हे सहा महिन्यांनंतरच्या बाळासाठी आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी, फळांचा रस किंवा प्रून स्वतःच्या मनाने देऊ नका. तिथे आधी दूध बनवण्याची पद्धत तपासा आणि डॉक्टरांना विचारा.

मालिशने आणि पायांच्या व्यायामाने थोडी मदत होते, चमत्कार होत नाही. नाभीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलक्या हाताने चोळा, पाय गुडघ्यात वाकवून सायकलसारखे फिरवा, पण खाल्ल्यावर लगेच नको. कुंथताना बाळाचे गुडघे पोटाशी आणून धरले की जोर नीट बसतो.

रक्ताच्या रेघेबद्दल. खडा बाहेर पडताना गुदद्वाराच्या कडेची त्वचा फाटते, तिला फिशर म्हणतात. तांबड्या भडक रक्ताची रेघ शीच्या वरच्या बाजूला किंवा पुसताना कापडावर दिसते, शीत मिसळलेली नसते. बाळाला पालथं घालून नितंब अलगद दोन बाजूंना केलेत तर बहुतेक वेळा समोर किंवा मागे बारीक चीर दिसते. प्रत्येक वेळी कोमट पाण्याने धुवा, सुगंधी वाइप्स नकोत, टिपून कोरडं करा आणि व्हॅसलिन किंवा खोबरेल तेलाचा पातळ थर लावा. चीर बरी व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्या वेळात पुन्हा खडा झाला तर ती परत उघडते.

इथेच बहुतेक पालक चुकतात. तीन-चार दिवसांनी एकदा मऊ शी झाली की प्रून बंद, सत्व सुरू. मग आठ दिवसांत परत खडा. बाळाला दुखलं की ते शी आवरून धरतं: पाय ताठ करतं, नितंब आवळतं, कधी कोपऱ्यात हाताने काही धरून थांबतं. पालकांना वाटतं ते करायचा प्रयत्न करतंय, पण ते थांबवत असतं. धरून ठेवलेली शी गुदाशयात आणखी सुकते, आणखी मोठी होते, आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं. हे चक्र दोन-तीन आठवडे सलग मऊ शी झाली तरच तुटतं. म्हणून किमान तेवढे दिवस आहार असाच ठेवा आणि मग एकेक गोष्ट परत आणा: आधी पूर्ण पिकलेलं केळं अर्धं, चार दिवसांनी सालीसकट शिजवून वाटलेलं सफरचंद. सत्व शक्यतो परत आणूच नका, मोडाच्या नाचणीने त्याची जागा भरून निघते.

आत आधीच अडकलेला खडा मात्र खाण्याने विरघळत नाही. म्हणूनच डॉक्टरकडे जायला सांगितलं. ते पोट चाचपून पाहतील, खाली मोठा खडा असेल तर बाळांसाठीची ग्लिसरीनची बत्ती एखाद्या वेळी वापरतील आणि बहुधा लॅक्टुलोजचं सिरप देतील. त्याचं प्रमाण वजनावर ठरतं, त्यामुळे दुसऱ्याच्या बाटलीवरचं प्रमाण पाहून देऊ नका. परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात, सुरुवातीला थोडा गॅस होतो. हे आतड्यातून शोषलं जात नाही आणि सवय लावत नाही, त्यामुळे सवय लागेल ही भीती मनातून काढा. दोन आठवड्यांसाठी सांगितलं असेल तर दोन आठवडे द्या.

आता सासूबाईंच्या देठाबद्दल, कारण त्या म्हणतात ते अगदी निराधार नाही. देठ किंवा साबणाचा तुकडा लावला की गुदद्वाराला चाळवलं जातं आणि शी होते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. पण शी तशीच कडक राहते, मूळ कारणही तसंच राहतं, आणि इथे तर आधीच चीर आहे. देठाचं टोक कोवळ्या त्वचेला आणखी फाडतं, साबणाने आतली त्वचा भाजल्यासारखी होते. घरच्या घरी ग्लिसरीनची बत्ती रोज वापरणंही नको. एरंडेल पाजू नका, त्याने पेटके येतात आणि पाणी निघून जातं. लिक्विड पॅराफीनही नाही, बाळाने ते गिळताना श्वासात गेलं तर फुप्फुसाला गंभीर इजा होते. गुटीबाबत स्पष्ट सांगते: सहाणेवर कोणती मुळी किती वेढे घासली यावर प्रमाण ठरत असेल तर ते औषध नाही, अंदाज आहे. आणि मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटवण्यापुरताही नाही. त्यात क्वचित बोट्युलिझमचे जंतू असतात, आणि त्या आजाराचं पहिलं लक्षण बद्धकोष्ठच असतं.

बाळाला लोहाचं सिरप चालू असेल, आशाताई किंवा परिचारिकेकडून सहाव्या महिन्यानंतर मिळतं ते, तर शी काळपट-हिरवट होते. त्याने घाबरू नका आणि विचारल्याशिवाय बंद करू नका. डब्यातल्या लोहाने मात्र शी कडक होत नाही, म्हणून लोह नसलेला डबा शोधू नका. गायीचं किंवा म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून एक वर्षापर्यंत नको. त्याने शी आणखी कडक होते आणि लोह कमी पडतं.

आता लगेच निघण्याची लक्षणं. उलटी हिरवी असेल, म्हणजे पालेभाजीच्या पाण्यासारखी, तर आतडं कुठेतरी अडलंय असं मानून थेट इस्पितळात जा. एकदा दिसली तरी. पोट ढोलासारखं फुगून ताणलेलं, हात लावला की बाळ ओरडतं, किंवा शी-गॅस दोन्ही बंद, तरीही तेच. ताप, सुस्ती, दूध न पिणं, सहा-आठ तासांत लघवी न होणं, डोळे खोल जाणं, यातलं एकही बद्धकोष्ठाबरोबर असेल तर वाट पाहू नका.

तुमच्या बाळाच्या वयाला एक गोष्ट खास सांगायची आहे. साधारण पाच ते नऊ महिन्यांत आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून अडकण्याचा प्रकार होतो. बाळ अचानक किंचाळतं, गुडघे पोटाशी ओढून घेतं, पांढरं पडतं, आणि दोन-तीन मिनिटांनी शांत होतं, जणू काही झालंच नाही. दहा-पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तसंच. हे पाहून पोटात दुखतंय, शी अडकलीय असं समजून लोक शेक देत बसतात. नंतर बाळ गळून जातं, उलट्या होतात आणि शी लाल जेलीसारखी दिसते. लाल जेली दिसेपर्यंत थांबायचं नाही. ठरावीक अंतराने येणारं किंचाळणं हीच पहिली खूण आहे. वेळेत पोहोचलं तर बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय, हवेचा किंवा पाण्याचा दाब वापरून आतडं जागेवर येतं. सोनोग्राफीत कळतं. असं वाटलं की 108 ला फोन करा किंवा गाडीने थेट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जा. म्हापसा आणि मडगावचं जिल्हा इस्पितळ जवळ पडत असेल तर तिथे आधी.

काही खुणा आणीबाणीच्या नसतात, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. जन्मानंतर पहिली काळी शी 48 तास उलटूनही झाली नव्हती का? पहिल्या महिन्यापासूनच शीची तक्रार आहे का? शी नेहमी चपट्या फितीसारखी येते का? वजन वाढत नाही का? यातलं काही असेल तर हर्शस्प्रंग नावाच्या जन्मजात दोषाची शक्यता पाहावी लागते, ज्यात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसतात. अंगावरचं दूध पिताना शी पातळ असते, त्यामुळे हा दोष कधीकधी झाकला जातो आणि डब्याचं दूध किंवा पेज सुरू झाल्यावरच उघड होतो. तुमची कहाणी वरवर त्याच वेळेला बसते, म्हणूनच डॉक्टर पहिल्या शीबद्दल नक्की विचारतील. पहिल्या दिवशीच झाली असेल आणि सहा महिने सगळं नीट असेल तर ही शक्यता खूप कमी.

बाळ नेहमी थंड, सुस्त, आवाज घोगरा, जीभ मोठी दिसते, जन्मानंतरची कावीळ लांबली होती, तर थायरॉईडची तपासणी करायला हवी. जन्मानंतर टाचेतून रक्त घेऊन तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट शोधून ठेवा. पाठीच्या खालच्या टोकाला खोल खळगा, केसांचा पुंजका, पायांत ताकद कमी, किंवा गुदद्वार जागेवर नाही असं वाटत असेल तर तेही दाखवा. अंगावर चट्टे, खाज, वारंवार उलट्या आणि त्याबरोबर बद्धकोष्ठ, असं असेल तर गायीच्या दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी हाही विचार डॉक्टर करतात आणि काही आठवडे वेगळं दूध देऊन पाहतात. हा प्रयोग स्वतः करू नका. ते डबे महाग असतात, आणि अंगावरचं दूधही चालू असेल तर आईच्या आहारातही बदल करावा लागतो. मध चाटवल्यानंतर बाळाचं चोखणं कमकुवत झालं, रडण्याचा आवाज बारीक झाला, पापण्या जड, मान सैल पडते, तर तेही आणीबाणीच.

तपासणीला जाताना बाळाची लसीकरणाची आणि वजनाची पुस्तिका न्या. वाढीच्या आलेखावरचे तीन-चार ठिपके दहा प्रश्नांची उत्तरं देतात. शी झाली की डायपर फेकण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, रक्त असेल तर जवळून. डबा आणि त्यातला चमचा दोन्ही पिशवीत टाका, आणि तुम्ही बाटली कशी बनवता ते डॉक्टरांना करून दाखवा. गेल्या चार दिवसांत बाळाने काय, किती वाजता, किती खाल्लं ते कागदावर लिहा. पोट चाचपणं, गुदद्वार आणि पाठ पाहणं, पाय हलतात का ते पाहणं, एवढ्यात बहुतेक वेळा निदान होतं. अशा सरळ प्रकरणात पोटाचा एक्स-रे किंवा रक्ताच्या ढीगभर चाचण्या लागत नाहीत. कोणी सुचवल्या तर नक्की काय शोधताय, असं विचारायला संकोच करू नका.

सुधारलं की नाही ते असं ठरवा: दहा दिवसांनी शी दोन-तीन दिवसांतून किमान एकदा, मऊ, रडण्याशिवाय होते का. नाही झाली, किंवा रक्त पुन्हा दिसलं, तर परत दाखवा आणि लॅक्टुलोजचं प्रमाण वाढवायचं का ते विचारा. ठीक चाललं तर औषध एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे दर चार-पाच दिवसांनी थोडं थोडं कमी करत न्या, आणि प्रूनची वाटी त्यानंतरही महिनाभर एका वेळी तरी चालू ठेवा.